वेटेड फेअर क्युइंगची कुळकथा

डिसेंबर १९८५ मध्ये जॉन नेगल यांनी इंटरनेटच्या दस्तऐवजमालेत एक टिपण प्रसिद्ध केले. त्याचा क्रमांक आरएफसी ९७०. नेगल तेव्हा फोर्ड एरोस्पेसमध्ये काम करत होते आणि त्यांनी मांडलेला प्रश्न वरवर भाबडा वाटतो: राउटरला अमर्याद मेमरी दिली, तर कोंडी सुटेल का? त्यांचे उत्तर होते, नाही. प्रत्येक पॅकेटला आयुर्मर्यादा असते. रांग फार लांबली की पॅकेटचा नंबर येईपर्यंत त्याचे आयुष्य संपलेले असते, आणि राउटर नुसती मुदत संपलेली पॅकेटे फेकत बसतो.

टिपणाचा खरा गाभा मात्र पुढे आहे. सगळ्यांची मिळून एकच रांग असेल, तर जो जास्त पॅकेटे ओततो त्यालाच जास्त वाटा मिळतो. म्हणजे हावरटपणा फायद्याचा ठरतो आणि संयम पाळणारा मागे पडतो. नेगल यांनी सुचवले की पाठवणाऱ्या प्रत्येक यंत्राची रांग वेगळी ठेवा आणि प्रत्येक रांगेतून आळीपाळीने एकेक पॅकेट उचला. आता कुणी हजार पॅकेटे ओतली तरी लांबते ती त्याची स्वतःचीच रांग. माझ्या मते या कुळातला हाच सर्वांत मोठा विचार. गर्दी करणाऱ्याला शिक्षा करण्याची गरज उरत नाही, कारण गर्दी करून त्याच्या पदरात काही पडतच नाही.

पण आळीपाळीत एक भोक होते. एकाचे पॅकेट १५०० बाइटचे आणि दुसऱ्याचे १०० बाइटचे असेल, तर प्रत्येकी एक पॅकेट देऊनही पहिल्याला पंधरापट वाटा जातो. हे भोक बुजवले अॅलन डेमर्स, श्रीनिवासन केशव आणि स्कॉट शेंकर यांनी, १९८९ च्या शोधनिबंधात. त्यांनी एक काल्पनिक राउटर डोळ्यांपुढे आणला, जो प्रत्येक रांगेतून एकेक बिट उचलतो. खऱ्या राउटरला पॅकेट अखंडच पाठवावे लागते. म्हणून त्यांनी हिशेब असा केला की त्या काल्पनिक राउटरमध्ये हे पॅकेट कधी संपले असते? तो आकडा पॅकेटवर शिक्क्यासारखा मारायचा आणि सर्वांत लहान शिक्क्याचे पॅकेट आधी पाठवायचे. कुणाला जास्त वाटा द्यायचा असेल, तर त्याच्या पॅकेटची लांबी त्याच्या वजनाने भागायची. पुढे १९९३ मध्ये एमआयटीच्या अभय पारेख आणि रॉबर्ट गॅलेजर यांनी सिद्ध केले की खरे पॅकेट काल्पनिकापेक्षा फार तर सर्वांत मोठे एक पॅकेट पाठवायला लागतो तेवढ्याच वेळाने मागे पडते.

आज हेच सूत्र पॅकेटांऐवजी कामांना लावतात. एकच सर्व्हर, अनेक क्लायंट, आणि त्यातला एखादा आडदांड.

```
F = max(V, F_prev) + L / w
```

F म्हणजे कामाचा शिक्का, L म्हणजे कामाला लागणारा वेळ, w क्लायंटचे वजन, F_prev त्याच्या आधीच्या कामाचा शिक्का, आणि V म्हणजे त्या काल्पनिक राउटरच्या आभासी घड्याळात आत्ता किती वाजले. आता तीन क्लायंट घेऊ. क मोठा आहे, वजन २, प्रत्येक काम ४ सेकंदांचे, आणि त्याने एकदम ५०० कामे टाकली आहेत. ख आणि ग यांचे वजन प्रत्येकी १. ख चे काम २ सेकंदांचे, ग चे १ सेकंदाचे. साध्या रांगेत क च्या मागे उभा राहिलेला ग एका सेकंदाच्या कामासाठी २००० सेकंद, म्हणजे अर्ध्या तासाहून जास्त, ताटकळेल. शिक्क्यांच्या रांगेत क च्या कामांवर २, ४, ६ असे आकडे येतात, ख च्या कामांवरही २, ४, ६, आणि ग च्या कामांवर १, २, ३. चारपर्यंतचे शिक्के संपले की क ची दोन कामे झाली, ख ची दोन, ग ची चार. वेळेत मोजले तर ८, ४ आणि ४ सेकंद. वजनांचेच प्रमाण. या १६ सेकंदांत आभासी घड्याळ ४ ने पुढे गेले, कारण हजर असलेल्यांच्या वजनांची बेरीज ४ आहे. क एकटाच हजर असता, तर तेच घड्याळ दुप्पट वेगाने पळाले असते.

सूत्रातला max अनेकांना किरकोळ वाटतो, आणि घात तिथेच होतो. समजा क एकटाच तासभर काम करतो आहे. ३६०० सेकंदांत V पोचला १८०० वर. तोवर गप्प असलेला ख परत येतो. max नसेल, तर त्याचे शिक्के त्याच्या जुन्या आकड्यापासून, म्हणजे जवळजवळ शून्यापासून सुरू होतील. २ सेकंदांची ९०० कामे होईपर्यंत, म्हणजे अर्धा तास, दुसऱ्या कुणाचा नंबरच लागणार नाही. न वापरलेला वाटा साठवलेल्या रजेसारखा नंतर एकदम वसूल करता येत नाही; max हेच बजावतो. हा दोष ओळखायची खूण अशी: शांत असलेला क्लायंट जागा होताच बाकी सगळ्यांचा प्रतीक्षाकाळ एकदम चढतो आणि काही वेळाने कुणी हात न लावता उतरतो.

उलट दिशेची चूकही या इतिहासात आहे. लिशिया झांग यांच्या १९९० च्या ‘व्हर्च्युअल क्लॉक’ पद्धतीत आभासी घड्याळाच्या जागी खरेच घड्याळ होते. तिथे आपल्या क चा हक्क अर्ध्या सर्व्हरचा, म्हणून ४ सेकंदांच्या कामामागे शिक्का ८ ने वाढतो. तासभर मोकळा सर्व्हर त्याने वापरला, कुणाचेही नुकसान न करता, तरी घड्याळ ३६०० दाखवत असताना त्याचा शिक्का ७२०० वर गेलेला असतो. मग ख आणि ग भरपूर कामे घेऊन आले की त्यांचे शिक्के तिथवर पोचेपर्यंत, म्हणजे १८०० सेकंद, क उपाशी राहतो. पडून असलेली जागा वापरल्याची ही सजा मला सरळ अन्यायाची वाटते. हजर वजनांप्रमाणे पळणारे घड्याळ त्यासाठीच हवे.

पॅकेटांकडून कामांकडे येताना खरी अडचण आली ती L ची. पॅकेटची लांबी आधी कळते, काम किती वेळ खाईल हे मात्र बहुधा ते संपल्यावरच कळते. १९९६ मध्ये टेक्सास विद्यापीठातले पवन गोयल, हॅरिक विन आणि त्यांचे सहकारी यांनी शेवटाऐवजी सुरुवातीचा शिक्का पाहायला सुरुवात केली: ज्याचा सुरुवातीचा आकडा लहान त्याला आधी घ्या, आणि प्रत्यक्ष खर्च काम संपल्यावर खात्यात टाका. त्याच वर्षी त्यांनी ही रीत प्रोसेसरच्या वेळेची वाटणी करायलाही वापरली. कुबरनेटीसचा एपीआय सर्व्हर आज विनंत्यांची न्याय्य रांग लावतो, तेव्हा तोही आधी खर्चाचा अंदाज धरतो आणि विनंती संपली की हिशेब दुरुस्त करतो.

एक मर्यादा मात्र कुठलेही सूत्र ओलांडत नाही. सुरू झालेले काम मध्येच थांबवता येत नसेल, तर क चे वीस मिनिटांचे एकच काम बाकीच्यांना वीस मिनिटे अडवू शकते. पारेख आणि गॅलेजर यांच्या सिद्धांतातले ‘सर्वांत मोठे एक पॅकेट’ ते हेच. म्हणून अशी रांग बांधणाऱ्यांना माझे सांगणे आहे की वजने ठरवण्याआधी एका कामाची कमाल लांबी ठरवा. लहान क्लायंटला जास्तीत जास्त किती थांबवणे तुम्हाला मान्य आहे ते आधी पाहा, कमाल लांबी त्याहून कमी ठेवा, आणि त्यापेक्षा मोठे काम रांगेत शिरण्याआधीच तुकड्यांत मोडायला लावा.