अमोनिया–हायड्रोजन क्लोराइड नळीतील पांढरे कडे

आडव्या काचनळीच्या एका तोंडाशी तीव्र अमोनिया द्रावणात आणि दुसऱ्या तोंडाशी तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवलेला कापसाचा बोळा ठेवला असता, दोन्ही वायू नळीतील हवेतून एकमेकांकडे पसरतात आणि भेटतात तेथे अमोनियम क्लोराइडचे (नवसागराचे) पांढरे कडे धरते. हे कडे मध्यभागी न होता हायड्रोजन क्लोराइडच्या टोकाकडे सरकलेले असते, म्हणजे अमोनियाने त्या वेळेत अधिक अंतर कापलेले असते.

कारण. अमोनियाचा रेणुभार १७, हायड्रोजन क्लोराइडचा ३६.५. एकाच तापमानाला दोन्ही वायूंच्या रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा सारखी असल्याने हलका रेणू अधिक वेगाने धावतो. २५ अंश सेल्सिअसला अमोनियाच्या रेणूचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ६०० मीटर, तर हायड्रोजन क्लोराइडच्या रेणूचा सुमारे ४१५ मीटर असतो. या वेगाने मीटरभर नळी सेकंदाच्या अल्पांशात पार व्हायला हवी, पण कडे दिसायला काही मिनिटे लागतात. रेणू हवेच्या रेणूंवर सतत आदळत, दिशा बदलत, वेडावाकडा पुढे सरकतो. दोन टकरींमधले सरासरी अंतर मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाहूनही कमी असते.

गणित व त्यातील मतभेद. शालेय पुस्तकांत कड्याची जागा टॉमस ग्रॅहम (१८०५–१८६९) यांच्या नियमावरून काढतात. वेगांचे गुणोत्तर रेणुभारांच्या वर्गमुळांच्या व्यस्त प्रमाणात धरले की ते १.४६ येते आणि १०० सेंमी नळीत कडे अमोनियाच्या टोकापासून ५९.४ सेंमीवर यायला हवे. पण रेणुभाराच्या वर्गमुळाचा हा सरळ हिशेब सूक्ष्म छिद्रातून वायू बाहेर पडतो त्या निःसरणाला नेमका लागू पडतो, तसेच ग्रॅहम यांनी १८३३ साली सच्छिद्र प्लास्टरच्या बुचातून मोजलेल्या समदाबी अदलाबदलीला. मोकळ्या नळीत वायू हवेतून विसरण पावतो, तेव्हा हवेच्या रेणूंचा भारही हिशेबात धरावा लागतो. तो धरला की विसरण-गुणांकांचे गुणोत्तर १.२३ च्या आसपास येते. शिवाय विसरणात कापलेले अंतर काळाच्या नव्हे, काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणून अंतरांचे गुणोत्तर १.२३ च्या वर्गमुळाएवढे, सुमारे १.११ इतकेच राहते. दोन्ही टोकांची संहती सारखी असेल, तर कडे ५३ सेंमीच्या जवळ धरावे.

संहती मात्र सारखी नसते. नेहमीच्या तीव्र द्रावणांवर अमोनियाचा बाष्पदाब हायड्रोजन क्लोराइडच्या बाष्पदाबापेक्षा बराच जास्त असतो आणि जास्त दाबाचा वायू कडे आणखी पुढे रेटतो. त्यामुळे कडे योगायोगाने ५९ सेंमीवर आले, तरी ग्रॅहम यांचा नियम सिद्ध होत नाही. आम्ल पातळ करून तोच प्रयोग केला की कडे आम्लाच्या टोकाकडे आणखी सरकते, रेणुभार तेच असूनही. वर्गात या प्रयोगातून हलका वायू पुढे जातो एवढाच निष्कर्ष काढणे योग्य. रेणुभार काढण्यासाठी तो वापरू नये.

कृती व चुका. सुमारे दोन सेंमी व्यासाची, पूर्ण कोरडी नळी दोन स्टँडवर समपातळीत धरतात. बोळे चिमट्याने एकाच वेळी आत ठेवून तोंडे लगेच बुचांनी बंद करतात. अंतर बोळ्याच्या आतल्या कडेपासून आणि कडे प्रथम दिसेल त्या क्षणी मोजायचे. पुढे ते जाड होते आणि जागाही सोडते. ओल्या नळीत दोन्ही वायू पाण्यात विरघळतात आणि कडे पुसट व पसरट येते. तोंड सैल राहिले तर वाऱ्याची झुळूक विसरणावर मात करते. याची परीक्षा सोपी आहे: बोळ्यांची टोके अदलाबदल करून प्रयोग पुन्हा करावा. कडे आता नळीच्या दुसऱ्या बाजूला, पण आम्लापासून तितक्याच अंतरावर आले, तर नळीचा कल किंवा वारा नडलेला नाही. दोन्ही बाष्पे डोळ्यांना व श्वासनलिकेला झोंबणारी असल्याने बोळे धूरकपाटातच भिजवावेत.

तापमानाचा परिणाम. ऊब वाढली की कडे लवकर दिसते.

संबंधित प्रयोग. कड्याच्या उलट क्रिया लेओपोल्ड फॉन पेबाल यांनी १८६२ मध्ये वापरली. तापवलेल्या नवसागराची वाफ त्यांनी ॲस्बेस्टॉसच्या बुचापाशी आणली. हलका अमोनिया बुचातून अधिक वेगाने पलीकडे गेला, हायड्रोजन क्लोराइड मागे उरला. एका बाजूचा लिटमस निळा आणि दुसऱ्या बाजूचा तांबडा झाला. नवसागराची वाफ म्हणजे या दोन वायूंचे मिश्रण असते, हे यातून दिसले. कल्हई करताना तापल्या भांड्यावर नवसागर टाकताच उठणारा पांढरा लोट हा याच दोन वायूंच्या पुन्हा एकत्र येण्याने बनलेला नवसागर असतो.