१७. व्हिप

मतदान कसे करावे हे सांगणारा पक्षाचा लेखी आदेश. तो बजावणाऱ्या प्रतोदालाही बोलीत व्हिपच म्हणतात. पूर्वी तो मोडला तर प्रकरण पक्षापुरते राहत असे. १९८५ मध्ये संविधानात दहावी अनुसूची आल्यापासून मात्र विरुद्ध मत देणारा किंवा गैरहजर राहणारा आमदार पदच गमावू शकतो. पूर्वपरवानगी घेतलेली असेल किंवा पक्षाने १५ दिवसांत माफ केले, तरच तो सुटतो.

येथील संदर्भ ३ जुलै २०२२च्या विधानसभा अध्यक्ष निवडणुकीचा आहे. मतदान उघड होते. दोन गटांत फुटलेल्या शिवसेनेच्या आमदारांना सुनील प्रभू आणि भरत गोगावले या दोघांचे परस्परविरोधी व्हिप होते. एक पाळला की दुसरा आपोआप मोडत होता. प्रतोद राजकीय पक्ष नेमतो, विधिमंडळ पक्ष नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी सांगितले आणि गोगावलेंना दिलेली मान्यता बेकायदा ठरवली. तरीही १० जानेवारी २०२४ रोजी अध्यक्ष राहुल नार्वेकरांनी गोगावलेंनाच वैध प्रतोद मानले, अपात्र मात्र कोणत्याच गटाचा आमदार केला नाही!

पुण्याजवळच्या सूस गावच्या ग्रामपंचायत सदस्यांवर मात्र असे बंधन नव्हते, कारण ती निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही. २०२१ मध्ये गाव पुणे महापालिकेत गेले. तेथील नगरसेवकांना मात्र १९८६च्या राज्य कायद्याने पक्षादेश बंधनकारक असतो. — संपा.