गुडघ्याच्या एमआरआय चित्रातील मेनिस्कस व क्रुशिएट लिगामेंटच्या दुखापती

गुडघ्याच्या सांध्यातील मेनिस्कस (गादीसारख्या कूर्चा) आणि क्रुशिएट लिगामेंट (फुलीसारखे एकमेकांना छेदून जाणारे अस्थिबंध) साध्या क्ष-किरण चित्रात दिसत नाहीत. त्यांच्या दुखापती ओळखण्यासाठी चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांकन, म्हणजेच एमआरआय, वापरले जाते. सांध्याचे साधारण ३ ते ४ मिलिमीटर जाडीचे छेद घेतले जातात. एकाच छेदावरून निष्कर्ष न काढता लागोपाठचे छेद जोडून पाहणे, हे या वाचनाचे मर्म आहे.

== निरोगी गुडघा ==
मेनिस्कस व लिगामेंट घट्ट तंतूंची बनलेली असल्याने चित्रात काळी दिसतात. दुखापतीसाठी घेतल्या जाणाऱ्या, चरबीचा संकेत दाबलेल्या चित्रांत पाणी व सूज पांढरी दिसते. त्यामुळे काळ्या जागी पांढरेपणा दिसला की तेथे लक्ष द्यावे लागते.

बाजूने पाहिल्यासारख्या उभ्या छेदांत मेनिस्कसच्या बाहेरच्या कडेला आडव्या डमरूसारखी सलग आकृती दिसते. सामान्यतः ती लागोपाठ दोन छेदांत आढळते. सांध्याच्या मध्याकडे जाताना डमरू मधोमध तुटतो आणि पुढे एक व मागे एक असे दोन काळे त्रिकोण उरतात.

पुढचे क्रुशिएट लिगामेंट (एसीएल) मांडीच्या हाडापासून नडगीच्या हाडाच्या पुढील भागाकडे तिरपे, ताठ उतरते. त्यात बारीक करड्या रेषा असतात. त्या फाट नव्हेत. मागचे लिगामेंट (पीसीएल) अधिक जाड, एकसारखे काळे आणि कमानीसारखे वाकलेले असते.

== मेनिस्कसची फाट ==
मेनिस्कसच्या आत पांढरी रेघ दिसली म्हणजे फाट झाली, असे नाही. वयोमानाने होणारी झीजही आत करडी-पांढरी दिसते. ती रेघ मेनिस्कसच्या वरच्या किंवा खालच्या पृष्ठभागाला भिडते का, हे पाहावे लागते. निदान दोन छेदांत ती पृष्ठभागापर्यंत पोहोचत असेल तर फाट मानतात. एकाच छेदात पोहोचली तर केवळ शक्यता नोंदवतात. बाहेरच्या मेनिस्कसच्या पुढच्या टोकाजवळ आडवे लिगामेंट येऊन मिळते. त्या दोहोंमधील फट नवख्या वाचकाला फाटीसारखी भासते. शेजारच्या छेदांत ते लिगामेंट आतल्या मेनिस्कसकडे जाताना दिसले की शंका मिटते.

== क्रुशिएट लिगामेंटची दुखापत ==
एसीएल पूर्ण तुटल्यास त्याचे तंतू सलग दिसत नाहीत. त्यांच्या जागी फुगीर, धूसर पांढरा पुंजका दिसतो किंवा उरलेला भाग नडगीच्या हाडावर आडवा पडलेला असतो. पाय रोवलेला असताना गुडघा पिळला गेला असेल, तर मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या गोलव्यात आणि नडगीच्या हाडाच्या मागच्या-बाहेरच्या कडेत पांढरे डाग आढळतात. क्षणभर ही दोन हाडे एकमेकांवर आदळल्याने बसलेला तो मुका मार होय. लिगामेंट नीट दिसत नसले तरी ही जोडी फार बोलकी असते.

पीसीएल मात्र पुष्कळदा तुकडे न होता ताणले जाते. ते जाड व करडे दिसते, आणि सलगपणा कायम असल्यामुळे दुखापत नजरेतून निसटते.

== दोन पीसीएलचा भास ==
कबड्डी खेळताना गुडघा पिळला गेलेल्या आणि तो सरळच करता न येणाऱ्या खेळाडूचे नमुन्यादाखल चित्र घेऊ. एसीएलच्या जागी धूसर पांढरेपणा असून बाहेरच्या बाजूला मुक्या माराचे दोन्ही डाग आहेत. मात्र मधल्या छेदात पीसीएलच्या खाली, त्याला समांतर, आणखी एक काळा पट्टा दिसतो. हा एसीएलचा वाचलेला भाग समजण्याचा मोह होतो.

येथे आतल्या मेनिस्कसकडे परत जावे लागते. तेथे डमरू दोनऐवजी एकाच छेदात दिसतो, म्हणजे मेनिस्कसचा काही भाग जागेवर नाही. काळा पट्टा शेजारच्या छेदांतून मागत गेल्यास त्याची दोन्ही टोके आतल्या मेनिस्कसच्या पुढच्या व मागच्या टोकांना मिळतात. मांडीच्या हाडाला तो कोठेच चिकटत नाही. समोरून पाहिल्यासारख्या छेदांतही तो तुकडा हाडांमधील खाचेत पडलेला आढळतो. ही बादलीच्या कडीसारखी फाट आहे. मेनिस्कसची लांब पट्टी सुटून कडी उलटावी तशी मध्यभागी सरकली आणि तिनेच गुडघा अडकवला. केवळ लिगामेंट तुटल्याची नोंद करून थांबल्यास अडकण्याचे खरे कारण राहून जाते.

== मर्यादा ==
फाट दिसली म्हणजे वेदनेचे कारण सापडलेच, असे नाही. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथे ५० ते ९० वयाच्या लोकांच्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, मेनिस्कस फाटलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्यात गुडघ्यात वेदना वा ताठरपणा नव्हता. म्हणून चित्रातील फाटीचा अर्थ रुग्णाचे वय, दुखापतीची हकिगत आणि प्रत्यक्ष तपासणी यांच्या जोडीने लावतात.