ब्रँड व्हॉइस मार्गदर्शिका

उत्पादकाने ग्राहकाशी कोणत्या शब्दांत, कोणत्या संबोधनाने आणि किती औपचारिकपणे बोलावे, याविषयीचे लेखी निर्णय. लिहिणारी माणसे वेगळी असली तरी समाजमाध्यमांवरील कॅप्शन, ईमेल आणि वेष्टनावरचा मजकूर एकाच तोंडचा वाटावा, हा तिचा हेतू.

गरज. पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातले अनेक लघुउद्योग मोठ्या वाहन कारखान्यांना सुटे भाग पुरवतात. तिथला व्यवहार ड्रॉइंग आणि पर्चेस ऑर्डरवर चालतो. असा उद्योग स्वतःच्या नावाने किरकोळ बाजारात उतरला, की सामान्य ग्राहकाशी बोलण्याची वेळ येते.

रचना. उदाहरणादाखल गाडी धुण्याचा शाम्पू बनवणारा भोसरीतला तीन माणसांचा उद्योग कल्पावा. कॅप्शनमध्ये ग्राहकाला ‘तू’, ईमेलमध्ये ‘आपण’ आणि बाटलीवर ‘तुम्ही’ म्हटले आहे. बाटली ‘बादलीला एक झाकण’ सांगते, ईमेल मिलिलिटरमध्ये प्रमाण देतो. जुना मजकूर शेजारी-शेजारी मांडला की अशा विसंगती दिसतात. प्रत्येकीवर एकच निर्णय घ्यावा: सगळीकडे ‘तुम्ही’, मालाचे नाव ‘कार शाम्पू’, प्रमाण झाकणात, कंसात मिलिलिटर. प्रत्येक निर्णयाखाली चुकीचे आणि बरोबर वाक्य लिहावे. ‘भाषा आपुलकीची हवी’ एवढेच लिहिले तर प्रत्येक जण त्याचा वेगळा अर्थ लावतो.

संबोधन आणि शब्द कायम राहतात, सूर मात्र प्रसंगानुसार बदलतो. सणाच्या कॅप्शनमध्ये उद्गारचिन्ह चालेल. तक्रारीच्या उत्तरात ते नसावे. तिथे आधी दिलगिरी, मग बदली माल कधी निघेल ती तारीख.

कायद्याची चौकट. वेष्टनावरचा काही मजकूर शैलीच्या कक्षेबाहेर असतो. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ परिमाण, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, ग्राहक तक्रारीसाठी संपर्क इत्यादी तपशील हिंदीत (देवनागरीत) किंवा इंग्रजीत द्यावे लागतात; मराठी त्यांच्या जोडीला देता येते. वैधमापन अधिनियम, २००९ प्रमाणे अंक भारतीय अंकांच्या आंतरराष्ट्रीय रूपात, म्हणजे ‘५००’ नव्हे तर ‘500’, असे हवेत. म्हणून कॅप्शनमध्ये कोणते अंक वापरायचे, हेही मार्गदर्शिकेत ठरवावे लागते.

पडताळणी आणि मर्यादा. ‘दिवाळीत तीन दिवस माल निघणार नाही’ हा निरोप दोघांना स्वतंत्रपणे लिहायला द्यावा. संबोधन किंवा मालाचे नाव जुळले नाही, तर तिथला नियम लिहायचा राहिला आहे किंवा संदिग्ध आहे. शब्दरचना तंतोतंत सारखी येण्याची अपेक्षा मात्र ठेवू नये.

कॅप्शन क्षणात बदलते. छापलेली लेबले संपेपर्यंत वापरावी लागतात. त्यामुळे बाटलीवरचा मजकूर आधी पक्का करून कॅप्शन आणि ईमेल त्याला जुळवावेत. मार्गदर्शिकेवर तारीख घालावी आणि बदलाचा अधिकार एकाच व्यक्तीकडे ठेवावा.