पुरःस्थ ग्रंथी आणि लघवीचा अडथळा

पुरःस्थ ग्रंथी (प्रोस्टेट) ही पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला चहूबाजूंनी वेढून असते. तरुणपणी ती अक्रोडाएवढी असते आणि तिचे वजन सुमारे २० ग्रॅम भरते. वीर्यातला एक पातळ स्राव पुरवणे हे तिचे काम. लघवीशी तिचा खरे तर काही संबंध नाही; पण लघवीची वाट तिच्या पोटातून जाते आणि उतारवयातला त्रास त्यातूनच उद्भवतो.

पुरुषाचा मूत्रमार्ग साधारण १८ ते २० सेंटिमीटर लांब असतो. मूत्राशयातून निघाल्यावर पहिले तीन-चार सेंटिमीटर तो या ग्रंथीतून जातो. पुढे सेंटिमीटरभराचा एक आखूड टप्पा लागतो. त्याच्याभोवती लघवी रोखून धरणारा, आपल्या ताब्यातला स्नायू असतो. उरलेला सर्वांत लांब भाग शिश्नातल्या मऊ, स्पंजासारख्या ऊतीतून बाहेर येतो. ग्रंथीतल्या टप्प्याच्या मध्यावर मागच्या भिंतीला एक छोटा उंचवटा असतो आणि तिथेच मार्ग किंचित वळतो. मूत्राशयाच्या मागे रेताशयांची जोडी असते. रेताशय म्हणजे वेटोळे करून बसलेली नळी. वीर्याचा निम्म्याहून अधिक द्रव आणि शुक्रजंतूंना इंधन म्हणून लागणारी फलशर्करा रेताशयांतून येते. शुक्रजंतू साठवण्याची ती जागा आहे, हा समज चुकीचा आहे. प्रत्येक रेताशयाची नळी शुक्रवाहिनीला मिळते, ग्रंथीतून तिरकी उतरते आणि त्या उंचवट्यावर उघडते.

जॉन मॅक्नील या विकृतिशास्त्रज्ञाने ग्रंथीची जी विभागणी केली, ती आज सर्वत्र मानली जाते. मागे आणि कडेला असलेला बाह्य विभाग सर्वांत मोठा, ग्रंथीऊतीचा सुमारे ७० टक्के. वीर्य वाहून नेणाऱ्या नळ्यांभोवतीचा मध्य विभाग सुमारे २५ टक्के. राहिलेला जेमतेम ५ टक्क्यांचा संक्रमण विभाग उंचवट्याच्या वर, मूत्रमार्गाला दोन्ही बाजूंनी चिकटून असतो. समोरचा पडदा स्नायूंचा व तंतूंचा असून त्यात ग्रंथी जवळपास नसतात. बहुतेक कर्करोग बाह्य विभागात उगवतात, तर वयोमानाने होणारी साधी वाढ या चिमुकल्या संक्रमण विभागात होते. तिथे गाठी धरतात आणि त्या वाढताना बाहेरचे मजबूत आवरण त्यांना पसरू देत नाही. त्यामुळे दाब आत, मूत्रमार्गावर येतो. कुत्र्यांतही ही ग्रंथी वयानुसार वाढते, पण ती बाहेरच्या बाजूला पसरते, म्हणून त्यांची लघवी क्वचितच अडते.

म्हणूनच नुसत्या आकारावरून अडथळा ठरवता येत नाही. समजा, दोघांची सोनोग्राफी झाली. एकाची ग्रंथी ८० ग्रॅमची, वाढ बाजूंनी फोफावलेली. धार बरी आहे आणि शिल्लक लघवी नगण्य. दुसऱ्याची ३५ ग्रॅमचीच, पण एक गाठ मूत्राशयाच्या तोंडातून आत डोकावते. तो जितका जोर लावतो, तितकी ती झडपेसारखी तोंडावर बसते. त्याची धार सेकंदाला ७ मिलिलिटरपर्यंतच जाते (१५ च्या पुढे असेल तर सहसा चिंता नसते) आणि लघवी झाल्यावरही १८० मिलिलिटर आत राहते. उपचाराची निकड दुसऱ्याला आहे. बोटाने गुदमार्गातून तपासताना हाताला मुख्यतः बाह्य विभाग लागतो, त्यामुळे ही गाठ त्यात सापडत नाही.

अडथळ्याला दुसरेही अंग आहे. मूत्राशयाच्या मानेतले आणि ग्रंथीतले साधे स्नायू आवळलेले राहतात. टॅम्सुलोसिन ते सैल करते, म्हणून धार काही दिवसांतच सुधारते. याउलट सर्दीच्या काही गोळ्यांतले स्यूडोएफेड्रिन ते आणखी आवळते, आणि एखाद्या रात्री लघवी पूर्ण तुंबून नळी घालण्याची वेळ येते. फिनॅस्टेराइड गाठी आक्रसते; पण त्याला सहाएक महिने लागतात.

अडलेल्या वाटेतून लघवी ढकलता ढकलता मूत्राशयाची भिंत जाड होते. आधी तो चिडका होतो, म्हणून रात्री वारंवार उठावे लागते, पुढे थकतो. मग शिल्लक लघवीत जंतू वाढतात, खडे धरतात आणि उलटा दाब मूत्रपिंडांपर्यंत पोहोचतो. मात्र धार बारीक असली म्हणजे वाट अडलीच असे नाही. जुन्या मधुमेहात मूत्राशयच दुबळा झालेला असू शकतो. शंका असेल तेव्हा लघवी होत असताना मूत्राशयातला दाब मोजतात: दाब भरपूर आणि धार कमी असेल तर अडथळा, दोन्ही कमी असतील तर मूत्राशयाची दुर्बलता.

दुर्बिणीतून ग्रंथी खरवडताना शल्यक्रियातज्ज्ञ तो उंचवटा हद्द मानतो. त्याच्या खाली गेल्यास लघवी रोखणारा स्नायू दुखावून ती कायमची गळू शकते. मूत्राशयाची मान मात्र सैल होते, त्यामुळे वीर्य अनेकदा मागे मूत्राशयात जाते; याची कल्पना रुग्णाला आधी द्यायलाच हवी. शस्त्रक्रियेत संक्रमण विभाग काढला जातो, बाह्य विभाग मागे राहतो. म्हणून ‘प्रोस्टेट काढलंय’ असे सांगणाऱ्या माणसालाही पुढे तिथे कर्करोग होऊ शकतो.