लैंगिक गुन्ह्याची फिर्याद, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब आणि गोपनीयता

लैंगिक गुन्हा कळल्यापासून तो न्यायालयापुढे जाईपर्यंत पीडितेला तीन दारांतून जावे लागते: पोलीस ठाणे, रुग्णालय आणि न्यायदंडाधिकाऱ्यांचे दालन. तिन्ही ठिकाणी काय करायचे, किती वेळात करायचे आणि तिथे कुणी हजर असू नये, हे कायद्याने ठरवून दिले आहे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. पीडित व्यक्ती अठरा वर्षांखालील असेल तर या संहितेच्या जोडीला २०१२ चा बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायदा, म्हणजे पोक्सो, लागू होतो. नवी संहिता येऊन दोन महिने व्हायच्या आतच बदलापूरच्या प्रकरणात या नियमांची कसोटी लागली. या नोंदीत तेच प्रकरण उदाहरण म्हणून घेतले आहे.

बदलापूर, ऑगस्ट २०२४. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही शहरे ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या उल्हासनगर परिमंडळात येतात. बदलापूरच्या एका शाळेत दोन लहान मुलींवर तिथल्याच सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचा आरोप झाला. फिर्याद द्यायला गेलेल्या पालकांना पोलीस ठाण्यात सुमारे बारा तास ताटकळावे लागले. गुन्हा १६ ऑगस्टच्या रात्री दाखल झाला आणि संशयिताला १७ तारखेला अटक झाली. २० ऑगस्टला संतप्त नागरिक बदलापूर स्थानकात रुळांवर उतरले आणि लोकल वाहतूक दिवसभर ठप्प झाली. त्याच दिवशी तीन पोलिसांना निलंबित करण्याचा आदेश निघाला आणि तपास विशेष पथकाकडे गेला. २२ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठाने पोलिसांना विचारलेले प्रश्न थेट याच नोंदीच्या विषयाचे होते: दुसऱ्या मुलीच्या बाजूचा जबाब इतक्या उशिरा का घेतला, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब झाला का, आणि शाळेला प्रकार कळूनही तिने तो पोलिसांना का कळवला नाही.

फिर्याद. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ साली स्पष्ट केले. ‘आधी चौकशी करू, मग बघू’ हे उत्तर बलात्कारासारख्या गंभीर लैंगिक गुन्ह्याच्या फिर्यादीला देता येत नाही. संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. अंबरनाथच्या शिवमंदिर परिसरात राहणारी महिला बदलापूरला किंवा कल्याणला जाऊनही फिर्याद देऊ शकते. तिथले ठाणे ‘झीरो एफआयआर’ नोंदवून कागदपत्रे योग्य ठाण्याकडे पाठवते. महिलेने स्वतःवरील लैंगिक गुन्ह्याची माहिती दिली तर ती महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची असते. फिर्यादीला किंवा पीडितेला एफआयआरची प्रत तिथेच विनामूल्य मिळते. माहिती नोंदवायला नकार देणाऱ्या लोकसेवकाला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली किमान सहा महिने, कमाल दोन वर्षे सश्रम कारावास होऊ शकतो.

पीडित बालक असेल तर जबाबदारी फक्त कुटुंबाची राहत नाही. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे ज्याला गुन्ह्याची माहिती आहे, किंवा तो घडण्याची धास्ती आहे, त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायलाच हवे. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाच्या गुन्ह्याबद्दल मौन पाळले तर कलम २१ खाली एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. बदलापूरमध्ये शाळेच्या विश्वस्तांवर याच तरतुदीने गुन्हा दाखल झाला. शाळेने ‘अंतर्गत चौकशी’ करून मग ठरवावे, अशी मुभा कायदा देत नाही. पोलिसांनीही चोवीस तासांत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचे असते.

मुलाचा जबाब घेण्याची रीतही कलम २४ ने ठरवली आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याने सांगितलेल्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावा. मुलाला कोणत्याही कारणाने रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही आणि आरोपीशी त्याची गाठ पडू नये याची काळजी घ्यावी लागते. म्हणजे पोलिसांनी मुलाकडे जायचे, मुलाने पोलिसांकडे नव्हे. बदलापूरचे कुटुंब ठाण्यात बसून राहिले, इथेच या नियमाचा गाभा हरवला. उच्च न्यायालयाने जे खडसावले ते याच ठिकाणी.

वैद्यकीय तपासणी. इथे सर्वांत जास्त गैरसमज आहेत. त्यातला एक असा, की आधी एफआयआर मग रुग्णालय. प्रत्यक्षात पीडित व्यक्ती थेट रुग्णालयात गेली तरी सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने तिच्यावर तत्काळ आणि विनामूल्य उपचार करायचे असतात आणि पोलिसांना कळवायचे असते, असे संहितेचे कलम ३९७ सांगते. पोक्सोखालची तपासणीही एफआयआर दाखल झाला नसला तरी करता येते. गर्भधारणा आणि संसर्ग टाळण्याची औषधे जितकी लवकर तितकी परिणामकारक ठरतात. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधे बहात्तर तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. म्हणून कागदपत्रांपायी उपचार अडवून ठेवणे हे वैद्यकीयदृष्ट्याही चूक आहे.

पुराव्यासाठीची तपासणी मात्र संमतीनेच होते. पोलिसांना माहिती मिळाल्यापासून चोवीस तासांत पीडितेला डॉक्टरांकडे पाठवायचे असते. उपचार, तपासणी आणि नमुने यांची संमती वेगवेगळी घेतली जाते. एकीला होकार आणि दुसरीला नकार देता येतो, आणि नकार दिला म्हणून उपचार थांबत नाहीत. बारा वर्षांखालील मुलासाठी पालक संमती देतात. मुलगी असेल तर तपासणी महिला डॉक्टरच करते आणि मुलीचा भरवसा असलेली व्यक्ती जवळ थांबते. बदलापूर-अंबरनाथच्या पट्ट्यात सरकारी तपासणीसाठी बहुधा उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय गाठले जाते. नमुने दिवसागणिक कमी उपयोगी होत जातात, म्हणून शक्य असेल तर त्यावेळचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवावेत. प्लॅस्टिकमध्ये ओल धरून राहते आणि पुरावा खराब होतो.

अहवालात तपासणी सुरू झाल्याची आणि संपल्याची नेमकी वेळ, संमतीची नोंद आणि प्रत्येक निष्कर्षाचे कारण असावे लागते. तो सात दिवसांत तपासी अधिकाऱ्याकडे जातो. अंगावर जखम न आढळणे म्हणजे गुन्हा घडला नाही, असा अर्थ त्यातून निघत नाही. पीडितेच्या पूर्वीच्या शरीरसंबंधांचा अंदाज बांधणारी ‘दोन बोटांची चाचणी’ सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये नाकारली, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरण्यात येईल असे बजावले. अहवालात त्या अर्थाचा एखादा शेरा दिसला तर वकिलाने तो तिथल्या तिथे न्यायालयाच्या नजरेस आणावा.

न्यायदंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब. हा जुन्या कायद्यातील कलम १६४ चा जबाब. नव्या संहितेत तो कलम १८३ खाली येतो. पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते आणि तो फिर्यादीच्या बाजूने पुरावा म्हणून वापरता येत नाही. न्यायदंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब शपथेवर होतो. पुढे न्यायालयातली साक्ष त्याला धरून असेल तर तो तिला बळ देतो, विसंगत असेल तर बचाव पक्ष त्यातूनच प्रश्न विचारतो. एकट्या त्यावर शिक्षा होत नाही. पीडित व्यक्ती शारीरिक किंवा मानसिकदृष्ट्या अपंग असेल तर मात्र हा जबाब दुभाषाच्या मदतीने आणि चित्रीकरण करून घेतला जातो, आणि तोच न्यायालयातील मुख्य साक्षीच्या जागी धरला जातो.

दालनात काय होते ते बघू. महिला पोलीस पीडितेला घेऊन येते, पण बाहेर थांबते. शक्यतो न्यायदंडाधिकारी महिला असतात. त्या नसतील तर पुरुष न्यायदंडाधिकारी एखाद्या महिलेच्या उपस्थितीत जबाब घेतात. बालकाच्या बाबतीत आरोपीचा वकील तिथे नसतो आणि मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती सोबत राहते. न्यायदंडाधिकारी आधी इकडच्या तिकडच्या गोष्टी विचारून मुलाला प्रश्न कळतात का ते पाहतात. मूल जे शब्द वापरते तेच लिहायचे, असे पोक्सोचे कलम २५ सांगते. चार वर्षांच्या मुलीच्या बोलण्याला कोणी कायद्याची भाषा चढवली की उलटतपासणीत ‘हे शब्द कुणी शिकवले’ हा प्रश्न हमखास येतो. शेवटी जबाब वाचून दाखवला जातो आणि बंद लिफाफ्यात ठेवला जातो.

या जबाबात वेळ फार मोलाची आहे. कर्नाटक राज्य विरुद्ध शिवण्णा खटल्यात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की गुन्हा कळल्यापासून चोवीस तासांत पीडितेला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे न्यावे, उशीर झाल्यास त्याचे कारण नोंदवावे, आणि जबाबाची प्रत तपासी अधिकाऱ्याला देताना आरोपपत्र दाखल होईपर्यंत तो उघड करू नये असे बजावावे. लहान मुलाच्या आठवणीत दर आठवड्याला इतरांचे बोलणे, घरातली चर्चा, बातम्या मिसळत जातात. दुसऱ्या मुलीच्या जबाबाला झालेला विलंब उच्च न्यायालयाला म्हणूनच गंभीर वाटला.

ओळख गुप्त ठेवणे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली पीडितेचे नाव किंवा ओळख पटेल असा तपशील छापणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कारावास आहे. निपुण सक्सेना खटल्यात (डिसेंबर २०१८) सर्वोच्च न्यायालयाने नातेवाईक, परिसर, अप्रत्यक्ष खुणा या सगळ्यांना ही बंदी लावली आणि अशा गुन्ह्यांचे एफआयआर सार्वजनिक करू नयेत असेही सांगितले. पोक्सोच्या कलम २३ मध्ये मुलाचे नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंब याबरोबर शाळेचाही उल्लेख आहे. याच कारणाने या नोंदीत शाळेचे नाव दिलेले नाही. आंदोलनाच्या दिवसांत ज्या व्हॉट्सॲप गटांवर शाळेचे फलक आणि कुटुंबाविषयीची माहिती फिरत असेल, त्यांनाही हा नियम तितकाच लागू होतो. रागाच्या भरातली ‘न्याय द्या’ पोस्टसुद्धा मुलीची ओळख उघड करू शकते.

खटल्याची सुनावणीही बंद दालनात होते. बदलापूरसारख्या प्रकरणात हे विशेष न्यायालय कल्याणला आहे. मूल आरोपीसमोर येणार नाही अशी व्यवस्था करायची असते, साक्षीसाठी त्याला वारंवार बोलवायचे नसते, आणि वकिलांचे प्रश्न न्यायाधीशांमार्फत विचारले जातात. बदलापूरमध्ये संशयित २३ सप्टेंबर २०२४ रोजी पोलिसांच्या ताब्यात असताना गोळीबारात मरण पावला. त्यामुळे त्याच्यावरचा खटला कायद्याने संपला. कळवण्यात कसूर केल्याचा विश्वस्तांवरचा आरोप मात्र वेगळा असल्याने तो त्यासोबत संपला नाही.

फिर्याद नाकारली तर. ठाण्याने माहिती नोंदवली नाही, तर ती लिहून पोलीस अधीक्षकांकडे, आयुक्तालयाच्या हद्दीत संबंधित पोलीस उपायुक्तांकडे, टपालाने पाठवता येते. तरीही हालचाल झाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. ठाण्यात गेल्याची तारीख आणि वेळ, कोणाशी बोलणे झाले आणि काय उत्तर मिळाले, हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे. वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे, महिला आणि बालकांना तो विनामूल्य मिळतो. राज्याच्या मनोधैर्य योजनेतून अर्थसाहाय्यासाठीही अर्ज तिथेच करता येतो. बालकाविषयीची माहिती १०९८ वर आणि कोणतीही तातडीची मदत ११२ वर दिवसरात्र मागता येते.