जुन्या संगणकावर ब्राउझरमधील त्रिमिती खेळ चालतील का?

ब्राउझरमध्येच चालणाऱ्या त्रिमिती खेळांसाठी काहीही उतरवून घ्यावे लागत नाही. दुवा उघडला की खेळ सुरू होतो. मात्र दहा-बारा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपवर किंवा शाळेच्या संगणक कक्षात तोच खेळ कधी सुरळीत चालतो, तर कधी एकेका चित्रासाठी अडखळतो. दोष बहुधा यंत्राच्या वयाला दिला जातो. प्रत्यक्षात पुष्कळदा तो वेगळ्याच ठिकाणी असतो.

हे खेळ 'वेबजीएल' या तंत्रावर चालतात. त्याची पहिली आवृत्ती २०११ मध्ये आणि दुसरी २०१७ मध्ये आली. त्यापूर्वी फ्लॅश किंवा युनिटीचे प्लगइन लागत असे. क्रोमने २०१५ मध्ये अशा प्लगइनचा आधार काढून घेतला आणि फ्लॅश २०२० अखेर बंद झाले. वेबजीएल हे ब्राउझरला संगणकातील ग्राफिक्स चिपपर्यंत पोहोचवणारे माध्यम आहे. ही चिप उपलब्ध नसेल, तर चित्राचा प्रत्येक ठिपका मुख्य प्रोसेसरला रंगवावा लागतो, आणि तेथेच खेळ अडखळू लागतो.

म्हणून पहिली तपासणी हीच करावी. क्रोममध्ये पत्त्याच्या जागी पुढील ओळ लिहावी:

```
chrome://gpu
```

उघडलेल्या पानावर WebGL या शब्दापुढे Hardware accelerated असे लिहिलेले असल्यास चिप कामात आहे. त्याच पानावर GL_RENDERER ही ओळ शोधावी. तेथे Intel, AMD किंवा NVIDIA असे नाव दिसले तर उत्तम. SwiftShader, llvmpipe किंवा Microsoft Basic Render Driver असे दिसले, तर सारे काम प्रोसेसरच करीत आहे. फायरफॉक्समध्ये हीच माहिती about:support या पानावर मिळते.

शाळांच्या बाबतीत या शेवटच्या नावाचा अर्थ विशेष महत्त्वाचा आहे. विंडोज नव्याने घातल्यानंतर ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकायचा राहून गेला, तर विंडोज आपल्या सर्वसाधारण ड्रायव्हरवर काम भागवते. लेखन, हिशेबाची पाने, इंटरनेट हे सगळे व्यवस्थित चालते, त्यामुळे कोणाच्या ध्यानातही येत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'डिस्प्ले अॅडाप्टर्स'खाली Microsoft Basic Display Adapter दिसले, तर हेच घडले आहे असे समजावे. निर्मात्याचा योग्य ड्रायव्हर टाकल्यावर तेच यंत्र पार बदलल्यासारखे वागते. ड्रायव्हर ठीक असूनही वेबजीएल बंद दिसल्यास chrome://policy हे पान पाहावे. Disable3DAPIs या नियमाने व्यवस्थापकाने ते हेतुपुरस्सर बंद केलेले असू शकते. अशा वेळी विद्यार्थ्याने खटपट करण्यात अर्थ नाही, शिक्षकांना विचारावे.

चिप कामात असूनही खेळ मंद असेल, तर एक सोपी परीक्षा आहे. १३६६ × ७६८ ठिपक्यांच्या पडद्यावर पूर्ण चित्रात १०,४९,०८८ ठिपके असतात. सेकंदाला ६० चित्रे हवी असल्यास प्रत्येकासाठी जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० चित्रांवर समाधान मानले, तर ३३.३. आता खेळाची खिडकी लांबी-रुंदीने निम्मी करावी. ठिपके २,६२,२७२, म्हणजे बरोबर चतुर्थांश उरतात. खेळ लगेच सुधारला, तर अडचण ग्राफिक्स चिपची आहे. खेळाच्या सेटिंगमध्ये 'रिझोल्यूशन' आणि सावल्या कमी केल्यास भागते. काहीच फरक पडला नाही, तर प्रोसेसर खेळाचे गणितच वेळेत उरकू शकत नाही. तेथे चित्राचा दर्जा उतरवून उपयोग नाही. इतर टॅब बंद करावेत, नाहीतर साधा खेळ निवडावा.

जुन्या लॅपटॉपच्या ग्राफिक्स चिपला बहुधा स्वतःची स्मृती नसते, ती मुख्य रॅम वापरते. एकच पट्टी बसवलेली असेल, तर डीडीआर३-१६०० रॅमकडून सेकंदाला १२.८ गिगाबाइट मिळतात. दुसऱ्या खाचेत तशीच पट्टी घातल्यास ही मर्यादा २५.६ पर्यंत जाते, आणि खेळात हा फरक जाणवतो. जुन्या यंत्रावर केलेल्या खर्चात हा खर्च त्यातल्या त्यात शहाणपणाचा.

तपासणीसाठी खेळच हवा असे नाही. 'वेबजीएल अॅक्वेरियम' या चाचणीच्या पानावर माशांची संख्या बदलता येते आणि सेकंदाला किती चित्रे निघतात तो आकडा कोपऱ्यात दिसतो. ५०० माशांवर आकडा ३० च्या वर टिकला, तर साधे त्रिमिती खेळ खेळण्याजोगे चालावेत. मात्र ही चाचणी किमान दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवावी. सुरुवातीला चांगला असलेला आकडा हळूहळू घसरू लागला, तर यंत्र तापत असून प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करीत आहे. पंख्यात साचलेली धूळ हे त्याचे नेहमीचे कारण. चार्जर काढताच आकडा पडत असेल, तर विजेची बचत करणारी सेटिंग आड येत आहे.

विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती २०२३ मध्ये आली. तिच्यावर आजचे काही खेळ उघडतात, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नसल्याने शाळेच्या कक्षात ती ठेवणे योग्य नव्हे.